आंब्याच्या वेबसाइटवर ‘अस्सल, नैसर्गिक, थेट बागेतून’ सोडून काय लिहावं?

कातळसडा (१४ जानेवारी, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात सासरची हापूसची बाग आहे, साडेतीनशे कलमं. बाग दीर बघतो. ऑर्डरी, वेबसाइट आणि व्हॉट्सॅप मी पुण्यातून सांभाळते. यंदा पाचवं वर्ष. जुनी गिऱ्हाइकं न चुकता परत येतात, पण वेबसाइटवर नव्याने आलेलं माणूस बघतं आणि निघून जातं. फार तर विचारतं, "डझन कितीला?" भाव सांगितला की पुढे काही नाही.

परवा एक उद्योग केला. आमच्यासारखेच घरपोच हापूस विकणारे नऊ जण शोधले. प्रत्येकाचं होमपेज उघडल्यावर खाली न सरकता जेवढा मजकूर दिसतो तेवढा एका कागदावर उतरवला. नावं गाळली आणि त्यात आमचाही मजकूर मिसळला. कागद नवऱ्याला आणि दहावीतल्या लेकीला दिला, म्हटलं आपला कुठला ते ओळखा. दोघांनाही ओळखता आलं नाही. नवऱ्याने छातीठोकपणे ज्यावर बोट ठेवलं तो रत्नागिरीच्या एका विक्रेत्याचा निघाला.

आमचा मजकूर असा आहे:

"कोकणच्या लाल मातीतला अस्सल देवगड हापूस! १००% नैसर्गिक, सेंद्रिय, कार्बाइडमुक्त. आमच्या बागेतून थेट तुमच्या घरी. उत्तम दर्जा, विश्वासाचं नातं."

नऊपैकी नऊ जण 'अस्सल' आहेत. आठ जण नैसर्गिक किंवा कार्बाइडमुक्त आहेत. सात जणांचा आंबा थेट बागेतून येतो. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो फोटो बदलू आणि काळजाला भिडणारी एक ओळ टाकू. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय लिहायचं तेही कळत नाही. मोहोर चांगला आहे, मार्चमध्ये पहिली तोड होईल. हातात दोन महिने आहेत.

मुलुंडचा_मी

ताई, सोपं आहे. पानावर 'देवगड हापूस ऑनलाइन', 'हापूस आंबा पुणे' हे शब्द दहा-बारा वेळा आले पाहिजेत. माझ्या मेहुण्याची पेस्ट कंट्रोलची वेबसाइट तशीच वर आणली.

कातळसडा

@मुलुंडचा_मी, लोक पानावर येतायत हो. येऊन थांबत नाहीत, हे दुखणं आहे.

शाईपेन

तुमचा कागदाचा प्रयोग फार चांगला आहे. मी अठरा वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहितोय आणि नव्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या दिवशी हेच करतो. आता पुढची पायरी सांगतो.

तुमच्या मजकुरातला एकेक शब्द घ्या आणि त्याच्या उलट बोलणारा विक्रेता जगात असू शकतो का ते बघा. "आमचा आंबा नकली आहे" असं कोणी लिहील? "आमचा दर्जा बेताचा"? ज्या शब्दाचं उलट कोणीच म्हणणार नाही, तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तुमचे 'अस्सल', 'उत्तम दर्जा' आणि 'विश्वासाचं नातं' इथेच गळतात.

'कार्बाइडमुक्त'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. कार्बाइडने फळं पिकवून विकायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे तुम्ही कायदा पाळता एवढंच सांगताय. हॉटेलवाल्याने पाटीवर 'आमच्याकडे भेसळ नाही' लिहिलं की माणूस उलट बिचकतो, तसं होतं.

राहिले 'थेट बागेतून', 'सेंद्रिय' आणि 'देवगड'. हे खरे असले तर दाखवता येतात. म्हणून तीन गोष्टी सरळ विचारतो. सेंद्रियचं प्रमाणपत्र आहे? जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंदणी आहे? आणि तुम्ही विकता त्यातली प्रत्येक पेटी तुमच्याच बागेतली असते?

वाशीकर

मी वाशी मार्केटला गाळ्यावर असतो. जीआय घ्या, विषय संपला. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं. तो लोगो लावला की दुसऱ्या कशाची गरज नाही. आणि गिऱ्हाइकाला सांगा, आंबा पाण्यात टाकून बघ. तरंगला तर कार्बाइडचा, बुडाला तर झाडाचा. हे पानावर टाका, एकदम वेगळं दिसेल.

आप्पा_बागायतदार

वाशीकर, पाण्याचं अर्धंच बरोबर आहे. बुडणं-तरंगणं फळाच्या तयारीवर असतं. कोवळं फळ तरंगतं, तयार फळ बुडतं. कार्बाइड लावणारे पुष्कळदा कोवळा माल काढतात म्हणून तो तरंगतो, एवढाच काय तो संबंध. तयार फळ कार्बाइडमध्ये ठेवलं तरी ते बुडणारच. आणि साध्या माणसाने घाईने काढलेलं कोवळं फळ गवतात पिकवलं तरी ते तरंगेल. ही परीक्षा पानावर टाकलीत आणि एखाद्या घरी तुमचं एक फळ तरंगलं, तर तुम्ही त्या घरात कायमचे चोर.

पेठेतला_खवय्या

गिऱ्हाईक म्हणून बोलतो. जीआयचा लोगो मला आता सगळीकडे दिसतो. तो बघून मी थांबत नाही.

शाईपेन

लोगो आणि नोंदणी यात फरक आहे. हापूसचं जीआय रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. त्यात ज्या बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असते त्याला क्रमांक मिळतो. लोगोचं चित्र कोणीही उतरवून घेतं. @कातळसडा, तुमच्या त्या नऊ जणांत लोगो किती जणांनी लावलाय आणि क्रमांक किती जणांनी दिलाय ते बघाल?

कातळसडा

बघितलं. लोगो सहा जणांकडे आहे, क्रमांक दोघांकडे. आमची नोंदणी आहे, दिराने तीन वर्षांपूर्वीच केली. प्रमाणपत्र गावच्या घरी भिंतीवर फ्रेम करून लावलंय. वेबसाइटवर नाही! हे लिहितानाच लक्षात आलं.

सेंद्रियचं प्रमाणपत्र नाही. शेणखत घालतो म्हणून तो शब्द पहिल्या वर्षी घातला होता. पण तुडतुडे आणि थ्रिप्ससाठी फवारण्या करतोच, आणि काही कलमांना मोहोरासाठी कल्टार हे संजीवकही असतं.

तिसऱ्या प्रश्नाने कालची झोप उडवली. एप्रिलच्या पंधरवड्यानंतर ऑर्डरी एवढ्या वाढतात की आमचा माल पुरत नाही. शेजारच्या दोन बागांमधून घेतो. दोघेही नात्यातले, माल चोख, दीर स्वतः उभा राहून काढून घेतो. गेल्या हंगामात साधारण तिसरा हिस्सा त्यांचा होता. पानावर मात्र 'आमच्या बागेतून' आहे. कोणाला फसवायचं कधी मनात नव्हतं, पण ते वाक्य खरं नाही.

वकिलीणबाई

बरं झालं तुम्हीच बोललात. 'सेंद्रिय' आज रात्रीच काढा. प्रमाणीकरण नसताना, त्यातून फवारण्या करत असताना तो शब्द लावणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात ठरतं. 'आमच्या बागेतून'चंही तेच.

आणखी एक सांगते, कारण या वळणावर बरेच जण तिथे घसरतात. वेगळेपण दाखवायचं म्हणून "बाकीचे कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकतात" असं लिहू नका. कोणाचं नाव घेऊन तर नाहीच. पुरावा तुमच्या मालाचा द्या, दुसऱ्याच्या मालावर बोलू नका.

रत्नांग्रीकर

देवगड देवगड काय लावलंय? रत्नागिरीच्या हापूसचा वास अख्ख्या चाळीला जातो, देवगडचा फक्त त्या खोलीत.

पेठेतला_खवय्या

@रत्नांग्रीकर, वास चाळीला आणि आंबा शेजाऱ्याला. आम्हाला देवगडच बरा. 😄

मालवणी_मेवा

हा वाद सुरू झाला की धागा पावसाळ्यापर्यंत चालतो. वेगळा धागा काढा.

नीलिमा_टोरंटो

माझीही अशीच अडचण आहे म्हणून लिहिते. मी इथे दिवाळीचा फराळ करून विकते. माझ्या पानावर 'घरच्या चवीचा फराळ' आहे. तसं प्रत्येकीच्या पानावर आहे. मी चकलीची भाजणी भारतातून आणत नाही, इथेच घरी भाजून दळते. हे वेगळेपण होईल का?

शाईपेन

@नीलिमा_टोरंटो, ते खाणाऱ्याला जाणवतं का यावर आहे. तुमच्या भाजणीमुळे चकली जास्त दिवस खुसखुशीत राहत असेल आणि लोक फराळ डब्यात भरून लांब पाठवत असतील, तर तो मुद्दा मोठा. नुसतं 'इथे दळते' म्हटलं की ते तुमच्या कष्टाचं वर्णन झालं, त्यांच्या उपयोगाचं नाही. पण या धाग्यात दोन्ही मिसळायला नको, आंब्याचं आधी होऊ दे.

@कातळसडा, शेजारच्या बागांचं एवढं मनाला लावून घेऊ नका, त्यातूनच काहीतरी निघेल. आता दोन कामं करा. गेल्या हंगामातली व्हॉट्सॅपवरची संभाषणं काढून बसा आणि भाव सोडून लोकांनी काय विचारलं ते मोजा. तुम्ही काय सांगायला बघताय आणि त्यांना काय हवंय यात किती अंतर आहे ते दिसेल. दुसरं, झाडावरून फळ उतरल्यापासून पेटी दारात जाईपर्यंत काय काय होतं ते दिराला विचारून क्रमाने लिहा. शोभिवंत नको, तो बोलेल तसं.

कातळसडा (१७ जानेवारी)

तीन रात्री गेल्या, पण करून झालं. एकूण १८६ संभाषणं.

मला वाटलं होतं कार्बाइडबद्दल सगळ्यात जास्त विचारतील. चार जणांनी विचारलं. सगळ्यात जास्त, ७१ जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय: "कधी खायला तयार होईल?" कोणाची अक्षय्य तृतीया, कोणाकडे जावई येणार, कोणाला बंगळुरूला भावाकडे न्यायचाय. "आज आला तर रविवारपर्यंत पिकेल ना?" यावर मी दर वेळी "हो हो, दोन-चार दिवसांत" असं मोघम उत्तर दिलंय. त्यानंतर ३८ जणांनी खराब निघाला तर काय ते विचारलं. २९ जणांनी देवगडचाच कशावरून ते.

आता दिराने फोनवर सांगितलं ते. पहाटे तोड सुरू होते. फळ झेल्याने देठासकट उतरवतात. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि पुढे देठापाशी फळ सडायला लागतं. दुपारपर्यंत क्रेट शेडमध्ये येतात. वजनाप्रमाणे वेगळे करतात, मग पिकण्यासाठी भाताच्या पेंढ्यात रचून अढी लावतात. आणि इथे तो सहज बोलून गेला, "प्रत्येक तोडीची अढी वेगळी असते ना, वर तारखेची चिठ्ठी असते. बाबांपासूनची पद्धत आहे." मी पाच वर्षं ऑर्डरी घेतेय, मला हे माहीत नव्हतं.

आप्पा_बागायतदार

तुझ्या सासऱ्यांची पद्धत बरोबर आहे. एका तोडीचा, एका तयारीचा माल एकत्र ठेवला की तो बरोबरीने पिकतो. तयार फळाला काढल्यापासून आठ-दहा दिवस लागतात, उष्मा वाढला की एखाद-दोन दिवस कमी. तारीख माहीत असेल तर पेटी कधी खायची ते सांगता येतं. दोन-तीन तोडींचा माल मिसळला की एकाच पेटीत चार फळं पिवळी, चार हिरवी आणि दोन सुरकुतलेली.

वाशीकर

हे खरं आहे. आमच्याकडे पेट्या येतात तेव्हा कुठली तोड, काय तारीख, काही लिहिलेलं नसतं. आम्ही दाबून, वास घेऊन ठरवतो. तीस वर्षांचा हात आहे म्हणून चुकत नाही. पण गिऱ्हाइकाला तारीख सांग म्हणाल तर नाही सांगता येणार.

शाईपेन

वाशीकर, तुम्ही आता या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य बोललात.

वेगळेपण शोधताना मी हेच बघतो: समोरचा माणूस तेच वाक्य खोटं न बोलता लिहू शकतो का? 'अस्सल' कोणीही लिहील. पण जो बाजारातून माल उचलून विकतो त्याला तोडीची तारीख लिहिता येणार नाही. लिहायची नाही असं नाही, ती त्याच्याकडे नसतेच. आणि १८६ जणांतल्या ७१ जणांना जे हवंय त्याचं उत्तर याच तारखेत आहे. तुम्हाला नवं काही निर्माण करायचं नाहीये. अढीवरची चिठ्ठी पेटीपर्यंत आणायची आहे.

पेठेतला_खवय्या

शंका आहे. तारीख तुम्हीच लिहिणार. ती खरी कशावरून? उद्या नऊच्या नऊ जण पेटीवर तारखेचा शिक्का मारतील.

शाईपेन

रास्त शंका. तारीख एकट्याने काही सिद्ध करत नाही. पण तारखेसोबत "अमुक दिवसापासून खायला काढा" असं लिहिलं की घरी बसलेला माणूस ते स्वतः ताडून बघू शकतो. खोटी तारीख टाकणाऱ्याची पेटी त्या दिवशी पिकणार नाही, किंवा आधीच उतरून जाईल. पुरावा कागदावर नसतो, पेटीत असतो.

नक्कल होईल म्हणाल तर ज्यांच्याकडे बाग आहे ते करतील, आणि करोत. तुमच्या नऊ जणांत आज हे कोणी लिहिलंय का, एवढं बघा.

कातळसडा

पुन्हा सगळी पानं बघितली, खालपर्यंत. एकाने 'ताजी तोड' लिहिलंय. तारीख कोणीच देत नाही. दोघांनी 'खराब निघाल्यास बदलून' लिहिलंय, पण कसं, किती दिवसांत, काही नाही.

मालवणी_मेवा

देवगड तालुका आंबा उत्पादकांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक कोडचं स्टिकर सुरू केलं. कोड पाठवून फळाची खातरजमा करता येते. त्या २९ जणांचं उत्तर तिथे मिळू शकतं. दिराला संस्थेत चौकशी करायला सांगा.

कातळसडा

@मालवणी_मेवा, मनापासून आभार. दीर उद्याच जाऊन येतो म्हणाला.

आता साक्याबद्दल विचारायचं आहे, म्हणजे फळ आतून पांढरट, स्पंजासारखं निघतं त्याबद्दल. गेल्या वर्षी ६४० पेट्या गेल्या, त्यात २३ जणांनी साका निघाल्याचं कळवलं. सगळ्यांना भरपाई दिली. मग "आमच्याकडे साका ४ टक्क्यांहून कमी" असं लिहू का? आकडा आहे, खरा आहे, आणि दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

आप्पा_बागायतदार

लिहू नकोस गो. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. फळ झाडावर जास्त तयार झालं की वाढतो, उन्हाने कातळ तापला की वाढतो. म्हणून आम्ही फळ पूर्ण भरायची वाट न बघता थोडं आधी काढतो. गेलं वर्ष निभावलं, यंदाचा एप्रिल कसा असेल कोणाला ठाऊक?

शाईपेन

आप्पांचं बरोबर आहे, आणि आकड्यातच एक खोट आहे. ज्या २३ जणांनी कळवलं ते तुम्हाला माहीत आहेत. ज्यांनी एक फळ टाकून दिलं आणि गप्प बसले ते किती? शिवाय हा पेट्यांचा हिशोब आहे. एका पेटीत एक फळ निघालं की पाच, ते यात नाही. म्हणजे तुम्हाला साक्याचं प्रमाण माहीत नाही, तक्रारींचं माहीत आहे. ते तसंच लिहिता येईल: "गेल्या हंगामात ६४० पेट्यांपैकी २३ जणांनी साका कळवला, सगळ्यांना पैसे परत दिले."

पेठेतला_खवय्या

मी तर हे वाचून लगेच ऑर्डर देईन. कोणी आपण होऊन साक्याबद्दल बोलत नाही.

वकिलीणबाई

मी मात्र ते होमपेजवर पहिल्याच पडद्यावर घालणार नाही. ज्याला साका म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्याच्यापुढे उगाच दोष कशाला मांडायचा?

शाईपेन

याबद्दल माझंही मन दोन्हीकडे आहे. खाली, भरपाईची पद्धत जिथे लिहाल तिथे घालून बघा.

कातळसडा (२१ जानेवारी)

पहिला खर्डा. दिराला वाचून दाखवला, त्याने दोन ठिकाणी अडवलं, ते खाली सांगते.

"पेटीवर तोडीची तारीख. कधी खायचा ते आधीच कळेल.

देवगड हापूस, प्रत्येक पेटीत एकाच तोडीचा. पेटीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: फळ झाडावरून कधी उतरवलं, कुठल्या बागेतलं, आणि कोणत्या दिवसापासून खायला काढायचं. तुम्हाला ठराविक दिवशी हवा असेल तर ऑर्डर देताना तो दिवस सांगा, त्या बेताने तोडीची पेटी पाठवू.

आमची बाग आणि शेजारच्या नात्यातल्या दोन बागा, तिन्ही देवगड तालुक्यात. जीआय अधिकृत वापरकर्ता क्रमांक खाली दिला आहे.

कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे दोन दिवसांत परत."

दिराने अडवलं ते असं. मी आधी "रविवारी नक्की पिकेल" असं लिहिलं होतं. तो म्हणाला, मळभ आलं तर दोन दिवस पुढे जातं, आणि पेटी कुरिअरच्या तापलेल्या गाडीत पडली तर अलीकडे येतं. म्हणून 'या दिवसापासून' केलं. दुसरं वजनाचं. मी "प्रत्येक फळ २५० ग्रॅम" लिहिलं होतं. पिकताना फळाचं वजन उतरतं, घरी काट्यावर ठेवलं की कमी भरणार. आता भावाच्या तक्त्यात "तोडीच्या वेळचं वजन" असं लिहिणार आहे.

शाईपेन

आता हा मजकूर त्या नऊ जणांच्या कागदात मिसळा, कोणीही ओळखेल. तीन शेरे.

"देवगड हापूस, प्रत्येक पेटीत एकाच तोडीचा" हे वाक्य फार जड जबाबदारीचं आहे. शेजारच्या बागांचा मालही वेगळा राहतो का? नसेल तर आजपासून ठेवा, नाहीतर हे वाक्यही जुन्या 'आमच्या बागेतून'सारखंच होईल.

जीआयचा क्रमांक तुमच्या नावावर आहे. शेजाऱ्यांची नोंद नसेल तर त्यांच्या पेट्यांना तो लागू नाही. दोघांना विचारून घ्या.

आणि "कधी खायचा ते आधीच कळेल" याच्या शेजारी पेटीच्या चिठ्ठीचा साधा फोटो टाका, हाताने लिहिलेल्या तारखेचा. सूर्यास्तातली बाग नको.

मुलुंडचा_मी

मान्य, माझं आधीचं उत्तर प्रश्न नीट न वाचता दिलं होतं. पण भाव कुठे आहे? मला पहिल्या पडद्यावर भाव दिसला नाही की मी पान बंद करतो.

कातळसडा

@मुलुंडचा_मी, भाव दर आठवड्याला उतरतो. मार्चच्या पहिल्या पेटीचा भाव वर राहिला तर मे महिन्यातलं माणूस तो बघून पळेल.

मुलुंडचा_मी

मग आठवड्याचा भाव तारखेसकट टाका. तारीख तर तुम्ही सगळीकडे टाकताच आहात.

वकिलीणबाई

भाव वर टाकायला माझा विरोध. वाचणारा तारखेची ओळ वाचण्याआधीच आकडा बघून दुसऱ्या दुकानाशी तुलना करायला लागेल.

शाईपेन

भावाचं दोन आठवडे असं, दोन आठवडे तसं करून बघा आणि किती जण बोलणं पुढे नेतात ते मोजा. इथे बसून नाही ठरणार.

कातळसडा (२४ जानेवारी)

शेजाऱ्यांशी बोलणं झालं. एकाची जीआय नोंदणी आहे, दुसऱ्याची नाही, तो अर्ज करायला तयार आहे. तोपर्यंत त्याच्या पेट्यांवर बागेचं नाव जाईल, क्रमांक जाणार नाही. 'सेंद्रिय' आणि 'नैसर्गिक' त्याच रात्री काढलं होतं. फवारणीची माहिती वेगळ्या पानावर घालतेय, विचारतील त्यांच्यासाठी.

कागद पुन्हा लेकीला दिला. तिने पाच सेकंदांत ओळखला. म्हणाली, "यात काका बोलल्यासारखा वाटतो."

आप्पा_बागायतदार

वाचलं, आवडलं. आता कामाचं बोलतो. एप्रिलच्या शेवटी दिवसाला पन्नास-साठ पेट्या भरायच्या असतात, संध्याकाळी गाडी उभी असते, गडी दमलेले असतात. अढीवर एक चिठ्ठी लावणं वेगळं आणि साठ पेट्यांवर तीन-तीन गोष्टी लिहिणं वेगळं. तिथे एकाने कंटाळून सगळ्यांवर एकच तारीख ओढली की तुझ्या पानावरची पहिली ओळ खोटी. ते लिहिणार कोण?

कातळसडा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोडीप्रमाणे चिठ्ठ्या आदल्या रात्री मी इथून छापायला पाठवल्या आणि शेडमध्ये नुसत्या चिकटवायच्या ठेवल्या तर? पण तोड किती निघेल ते आदल्या रात्री कळत नाही. दिराला फोन लावते.

आप्पा_बागायतदार

चिठ्ठ्या क्रेटला लाव, पेटीला नको. क्रेट रिकामा होताना त्याची चिठ्ठी पेटीवर येईल. एका क्रेटच्या किती पेट्या होतात ते मोजून तेवढ्याच चिठ्ठ्या त्यात टाक. उरली किंवा कमी पडली तर तिथल्या तिथे कळेल की कुठेतरी मिसळ झाली.

कातळसडा

दीर म्हणतो पहिल्या तोडीला करून बघू, दहा क्रेटवर. मार्चमध्ये इथे येऊन सांगते काय झालं ते.